दोन भाषांची सबटायटल्स: एकाच फाइलमध्ये की वेगवेगळी?

मराठी मुलाखतीला मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही सबटायटल्स द्यायची, तर पहिला निर्णय फाइलचा. दोन्ही भाषा एकाखाली एक बसवायच्या, की प्रत्येकीची SRT वेगळी ठेवायची?

एका फाइलचा फायदा सरळ आहे. प्रेक्षकाला काही निवडावं लागत नाही, चित्रावर कायमची छापलेली छोटी क्लिप असेल तर हेच सोयीचं. पण पडद्यावर दोनच ओळी शोभतात, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्याला एकच ओळ, साधारण 42 अक्षरांची. त्यातही बोलणाऱ्याचं नाव जागा खातं.

खरी अडचण वाक्यरचनेची. मराठीत नकार शेवटी येतो:

```
41
00:03:41,200 --> 00:03:43,600
कुऱ्हाडे: त्या बैठकीत पैसे कमी पडतील

42
00:03:43,700 --> 00:03:45,900
असं मी कधीच म्हटलं नव्हतं.
```

इंग्रजी वाक्य "I never said" नेच सुरू होणार. दोन्ही एकत्र ठेवल्या, तर 41 क्रमांकावर मराठी ओळ 'पैसे कमी पडतील' म्हणते आणि तिच्याखालीच नकार दिसतो. दोन्ही भाषा येणारा प्रेक्षक तिथे अडखळतो. फाइल वेगळी असेल तर इंग्रजीसाठी 41 आणि 42 जोडून दोन ओळींचं एकच सबटायटल करता येतं. लांब उत्तरांच्या मुलाखतीत असं सतत होतं, म्हणून माझं मत वेगळ्या फाइलींच्या बाजूने आहे.

बोलणाऱ्याचं नाव दोन्ही पद्धतींत माणूस बदलला की एकदाच द्यावं. VTT मध्ये `<v Kurhade>` असा टॅग आहे, पण ब्राउझर ते नाव आपोआप दाखवत नाही. नाव मजकुरातच लिहावं लागतं.

नावांच्या बाबतीत मात्र वेगळ्या फाइली जास्त शिस्त मागतात, कारण एका फाइलीतली दुरुस्ती दुसरीत आपोआप जात नाही. आधी मराठी फाइल पूर्ण स्वच्छ करा, नावांचा तक्ता करा (मराठी रूप, ठरवलेलं इंग्रजी स्पेलिंग, सापडलेली चुकीची रूपं) आणि मगच भाषांतराला हात घाला. इंग्रजी स्पेलिंग त्या व्यक्तीलाच विचारा. Kurhade की Kurhaade, हे कानांना ठरवता येत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. 'कुऱ्हाडे' मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या 'र्' नंतर न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना बहुतेक एडिटर एकच रूप पकडतात. ओळखायचं असं: एका माणसाच्या नावाच्या लेबलांची संख्या शोधून काढा आणि तो जितक्या वेळा बोलायला लागतो त्या आकड्याशी ताडून पाहा. शोधात कमी आली, तर शोधातून निसटलेलं, फाइलमध्ये डोळ्यांनी सापडलेलं एक नाव तसंच कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका. उरलेली सगळी हाती लागतात.