पंधरा रनचं बजेट: एक सीड आणि लांब टेबल, की पाच सीड आणि तीनच ओळी?

डेडलाइनला चार दिवस उरलेत, जीपीयू एकच आहे आणि कितीही ओढाताण केली तरी मॉडेल शिकवण्याचे पंधराच रन बसतायत. ते वाटायचे कसे? एक रस्ता असा, की पंधरा ओळींचं भरगच्च अब्लेशन टेबल करायचं, ओळीगणिक मॉडेलमधला एक बदल, आणि प्रत्येक ओळीला एकच सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो एकच आकडा. दुसरा असा, की तीनच ओळी ठेवायच्या, पण प्रत्येक ओळ पाच सीडवर चालवायची. मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल कुठे आहे ते लपवत नाही, पण आधी पहिल्या रस्त्याच्या बाजूने बोलतो.

लांब टेबल उपयोगाचं असतं, विशेषतः सुरुवातीला. आमचं काम द्राक्षाच्या पानांच्या फोटोंवरून डावणी, भुरी, करपा आणि निरोगी पान ओळखण्याचं होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी आणि निफाडकडच्या बागांत फिरून फोटो जमवले होते. इमेजनेटवर आधीच शिकलेली वेट्स काढून मॉडेल कोऱ्या पाटीवरून शिकवलं, तेव्हा पन्नासहून जास्त पानं चुकली. एवढा मोठा खड्डा दिसायला एक सीड पुरतो, तिथे पाच रन घालवणं म्हणजे वीज जाळणं. आणि ज्यांचा एक रन आठवडाभर चालतो त्यांना पाच सीडचा सल्ला देणं मला तरी जमणार नाही.

अडचण छोट्या फरकांची आहे, आणि पेपरमधले बहुतेक दावे छोट्या फरकांचेच असतात.

आमच्या टेस्ट सेटमध्ये 400 पानं होती, म्हणजे एक पान म्हणजे पाव टक्का. बेसलाइनने 346 पानं बरोबर ओळखली. त्यात अटेन्शन ब्लॉक घातला तर 349. टेबलात ते 86.50 विरुद्ध 87.25 असं छापलं, ठळक अक्षरात. दोन दशांश दिसले की आकडा फार पक्का वाटतो. तीन पानं असं लिहिलं असतं तर बहुधा आम्हीच हसलो असतो.

मग एका संध्याकाळी लाइट गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला आणि मान टाकली. नेमकी बेसलाइनची चेकपॉइंट फाइल अर्धवट लिहिली गेली होती, त्यामुळे तो रन पुन्हा करावा लागला. आमच्या विद्यार्थ्याने जुनी कमांड वर ढकलून एंटर मारला. त्या कमांडमध्ये सीड 1 ऐवजी 2 होता हे त्याच्या लक्षात आलं नाही. सकाळी बेसलाइनची 351 पानं बरोबर. ज्या ब्लॉकची आकृती काढण्यात मी दोन दिवस घातले होते, त्याच्यापेक्षा दोनने जास्त! पोरगं दारात उभं राहून विचारतं, "सर, यातला कोणता आकडा लावू?" तो प्रश्न मला लागला. कारण माझ्या मनात उत्तर तयार होतं: सीड 1 वाला. माझा निर्णय झाला तो इथे.

त्यानंतर दोन्ही ओळी पाच-पाच सीडवर चालवल्या. बेसलाइन: 346, 351, 343, 349, 347. ब्लॉकसह: 349, 349, 346, 348, 348. सरासरी 347.2 आणि 348.0, म्हणजे सगळी कमाई 0.8 पानाची. सीडनुसार फरक पाहिला तर +3, −2, +3, −1, +1. या फरकांच्या सरासरीची प्रमाण त्रुटीच साधारण एक पान येते. कमाई तिच्याहून लहान असल्यावर सुधारणा झाली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. बेसलाइनचं प्रमाण विचलन सुमारे तीन पानं आहे. काहीही न बदलता तीच गोष्ट पाच वेळा चालवून सर्वांत चांगला रन उचलला, तर तो सरासरीपेक्षा साधारण 1.16 विचलनं वर असतो, म्हणजे इथे साडेतीन पानं. आपली नवी पद्धत आपण प्रेमाने पाच वेळा चालवतो, बेसलाइन एकदाच उरकतो, आणि तीन पानांचा फायदा फुकटात मिळतो. यात लबाडी असतेच असं नाही. 2018 च्या बर्टच्या पेपरात तर स्पष्ट लिहिलं आहे की लहान डेटासेटवर मोठं मॉडेल कधीकधी अस्थिर होतं, म्हणून अनेकदा चालवून डेव्ह सेटवरचा सर्वोत्तम रन निवडला. त्यांनी सांगितलं तरी. अनेक टेबलांत ती ओळ नसते.

पाच सीडचाही फार गवगवा नको. हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये एकच अल्गोरिदम, त्याच सेटिंगवर, फक्त सीड बदलून दहा वेळा चालवला आणि पाच-पाचचे दोन गट केले. दोन्ही गटांचे सरासरी आलेख दोन वेगळ्या अल्गोरिदमचे वाटावेत इतके लांब पडले. आमच्या हिशेबात तीन पानांचा खरा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक बाजूला सोळा-सतरा सीड लागतील. पाच सीडमध्ये भरवशाने दिसतो तो साधारण सहा पानांचा फरक. शिवाय सीड बदलला तरी टेस्टची 400 पानं तीच राहतात. दुसऱ्या बागांतली पानं आली असती तर काय झालं असतं, याबद्दल सीड चकार शब्द बोलत नाही.

सीडच्या जोड्या लावताना एक खोच आहे, ती मला उशिरा कळली. ब्लॉक घातला की त्याची वेट्स सुरू करताना रँडम आकडे जास्त खर्च होतात. त्यामुळे सीड तोच असला तरी पुढे फोटोंचा क्रम बदलतो आणि जोडी नावालाच उरते. निदान क्रम तरी तोच राहावा म्हणून लोडरला स्वतःचा जनरेटर द्यायचा:

```python
g = torch.Generator()
g.manual_seed(seed)
loader = DataLoader(ds, batch_size=32,
                    shuffle=True, generator=g)
```

तरीही जीपीयूवर तोच सीड दोनदा चालवून एखादं पान इकडचं तिकडे होऊ शकतं. एकदा तेही तपासून पाहा.

आज कोणी विचारलं तर मी कमी ओळी आणि जास्त सीड सांगेन. तुमच्याकडे अपेक्षित फरकच मोठा असेल तर गोष्ट वेगळी. मी स्वतः पंधरा रन आता असे वाटतो: पाच रन एकेका सीडवर, नुसतं चाचपडायला. त्यातून एकच बदल निवडायचा, आणि उरलेल्या दहांत तो व बेसलाइन पाच-पाच नव्या सीडवर. चाचपडतानाचा सीड शेवटच्या मोजणीत धरायचा नाही, कारण त्या बदलाची निवडच त्या सीडच्या आकड्यामुळे झालेली असते. आमच्या वरच्या हिशेबातून सीड 1 काढून बघा, 0.8 पानाची कमाई पाव पानावर येते.