स्ट्रक्चरल ऑडिटचा गोषवारा: निरीक्षणे आणि शिफारशी वेगळ्या भागांत मांडाव्यात, जागेनुसार एकत्र मांडाव्यात की तक्त्यात?

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करावे लागते. सल्लागार अभियंत्याचा अहवाल आला की तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा असतो. पण पन्नास पानांचा इंग्रजी अहवाल २८ सभासद वाचतील अशी अपेक्षा कोणतीही कमिटी ठेवत नाही, आणि त्यामुळे दोन-तीन पानांचा मराठी गोषवारा लिहिण्याचे काम सेक्रेटरीकडे येते. तो कोणत्या पद्धतीने लिहावा, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

आमच्या १९८६ सालच्या चार मजली इमारतीचा पहिला गोषवारा मीच लिहिला होता आणि त्यात पुढील वाक्य होते: ‘तळमजल्यावरील सहा कॉलम कमकुवत झाले असून तातडीने जॅकेटिंग न केल्यास इमारत धोकादायक ठरेल.’ सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उठून विचारले, “सेक्रेटरीसाहेब, ‘कमकुवत’ हा शब्द अहवालात कोणत्या पानावर आहे?” तो कोणत्याच पानावर नव्हता. अहवालात असे होते की तळमजल्यावरील २४ कॉलमपैकी ६ कॉलमवर मुख्य सळईच्या रेषेत उभे तडे आहेत, त्यांतील २ कॉलमचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटून सळई उघडी पडली आहे, आणि या सहांचे जॅकेटिंग करावे, म्हणजे त्यांच्याभोवती नवा थर चढवावा. ‘कमकुवत’ हा माझा अर्थ होता. ‘धोकादायक’ हा तर पालिकेच्या नोटिशीतला शब्द. तो आमच्या अहवालात नव्हताच. एका वाक्यात पाहिलेले, समजून घेतलेले, सुचवलेले आणि माझ्या पदरचे असे चार प्रकार मी कालवून ठेवले होते.

पद्धतींची तुलना करण्याआधी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती मराठीतच जास्त जाणवते. आपण ‘निष्कर्ष’ हा शब्द तपासणीत जे आढळले त्यालाही वापरतो आणि त्यावरून जे अनुमान काढले त्यालाही. अहवालात मात्र या दोन वेगळ्या पायऱ्या असतात. सळईचा विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत एका कॉलमला उणे ४१० मिलिव्होल्ट हे वाचन मिळाले, हे निरीक्षण आहे. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० च्या पलीकडे गेल्यास त्या जागी सळई गंजण्याची प्रक्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात, हा निष्कर्ष. जॅकेटिंग करावे, ही शिफारस. सळई किती गंजली, तिचा व्यास किती उरला, हे या चाचणीतून कळतच नाही. त्यासाठी कव्हर फोडून सळई मोजावी लागते. म्हणून ‘सळया गंजल्याचे आढळले’ असे वाक्य गोषवाऱ्यात आले, तर मधली पायरी गाळून अनुमानाला निरीक्षणाचा दर्जा दिला गेला असे समजावे.

आता पहिली पद्धत. यात गोषवाऱ्याचे दोन स्वतंत्र भाग करतात. पहिल्या भागात केवळ काय पाहिले, काय मोजले आणि कुठे पाहता आले नाही हे येते. अभियंत्याचा निष्कर्ष त्याच भागाच्या शेवटी, ‘सल्लागारांच्या मते’ असे म्हणून, वेगळ्या परिच्छेदात येतो. आणि दुसऱ्या भागात शिफारशी येतात. मोठा लाभ असा की चाचणीच्या मर्यादा लिहायला येथे जागा मिळते. आमच्याकडे उपकरणांनी तपासलेले कॉलम १० होते, २४ नव्हे. दहांपैकी चौघांची वाचने उणे ३५० च्या पलीकडे, तिघांची उणे २०० ते उणे ३५० या अनिश्चित पट्ट्यात, आणि उरलेल्या तिघांची त्याच्या अलीकडे होती. न तपासलेले १४ कॉलम ‘ठीक’ आहेत असे अहवाल म्हणत नाही. ते न तपासलेले आहेत, आणि हे वाक्य जिथे आकडे आहेत तिथेच असले पाहिजे. अल्ट्रासॉनिक चाचणीचेही तसेच: ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी आला तर काँक्रीटच्या दर्जाविषयी शंका घेतात, पण लहरीच्या वाटेत तडा आला तरी वेग कमी दिसतो. ही दोन वाक्ये वाचलेला सभासद शिफारशींकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

दुसरा लाभ आम्हाला नंतर कळला. सभेने दुसऱ्या अभियंत्याचे मत घेण्याचे ठरवले तेव्हा पहिला भाग, फोटो आणि चाचण्यांच्या वाचनांसह, जसाच्या तसा त्याच्या हाती देता आला. शिफारशींचे पान आम्ही मुद्दाम दिले नाही. पहिल्या सल्लागाराने काय सुचवले हे आधी कळले की दुसरा माणूस एक तर त्याला दुजोरा देतो किंवा ईर्ष्येने विरोध करतो. स्वतंत्र मत हवे असेल तर स्वतंत्र भाग हवाच.

या पद्धतीची खोट अशी की घाईतला वाचक थेट दुसऱ्या भागावर उडी मारतो. शिवाय दोन भागांना जोडणारे क्रमांक नसतील तर कोणती शिफारस कोणत्या निरीक्षणावर उभी आहे हे शोधावे लागते. म्हणून प्रत्येक निरीक्षणाला ‘नि-१’, ‘नि-२’ असा क्रमांक द्यावा आणि शिफारशीपुढे आधाराचा क्रमांक लिहावा. हे करू लागलो तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. जिन्याच्या बीमवरच्या तड्याची नोंद निरीक्षणांत होती, पण त्याबद्दल एकही शिफारस नव्हती. आणि गच्चीच्या संपूर्ण वॉटरप्रूफिंगची शिफारस होती, पण गच्चीविषयीचे निरीक्षण ‘एका शौचालयाच्या छताला ओल’ एवढेच होते. दोन्ही बाबी सल्लागाराला लेखी विचारता आल्या. त्यातील एकीचे उत्तर ‘नजरचुकीने राहिले’ असे आले. कोणत्या, ते येथे महत्त्वाचे नाही.

दुसरी पद्धत जागेनुसार मांडणीची आहे: कॉलम क्रमांक ७, त्याखाली काय आढळले आणि काय करावे, मग जिना, मग गच्ची. वाचायला ही सर्वांत सोपी आहे, कारण सभासद आपल्या दाराजवळच्या कॉलमपासूनच वाचायला सुरुवात करतो. ठेकेदाराला काम समजावतानाही हीच उपयोगी पडते. परंतु निरीक्षण आणि शिफारस शेजारी बसली की ती एकमेकींत मिसळू लागतात, आणि मराठी वाक्यरचना त्याला हातभार लावते. ‘जॅकेटिंग आवश्यक असलेले सहा कॉलम आढळले’ हे वाक्य पाहा. क्रियापद ‘आढळले’ आहे, म्हणून ते निरीक्षणासारखे वाटते. प्रत्यक्षात शिफारस विशेषण होऊन आत शिरली आहे. कोणालाही ‘जॅकेटिंग आवश्यक असणे’ डोळ्यांनी दिसत नाही, दिसतो तो तडा. ‘दुरुस्तीयोग्य’, ‘बदलण्याजोगे’, ‘पाडण्यास पात्र’ ही विशेषणे याच जातीची आहेत. ही पद्धत निवडायची असेल तर निरीक्षणाची वाक्ये भूतकाळात आणि शिफारशीची विध्यर्थात ठेवावीत, आणि दोन्ही कधीही ‘असून’ किंवा ‘त्यामुळे’ने जोडू नयेत. कॉलम ७ बद्दल ते असे दिसेल: ‘पश्चिमेच्या बाजूला मुख्य सळईच्या रेषेत सुमारे ९०० मिलिमीटर लांबीचा उभा तडा आढळला. हाफ-सेल वाचन उणे ४१० मिलिव्होल्ट आले. सळईचा व्यास मोजला गेला नाही. सल्लागारांच्या मते येथे गंज सक्रिय असावा. शिफारस: मायक्रोकाँक्रीटने जॅकेटिंग करावे.’ पाच तुटक वाक्ये कानाला खटकतात, हे मान्य आहे, पण ती ‘असून’ने सांधली की लगेच माझे जुने वाक्य तयार होते.

तिसरी पद्धत तक्त्याची. जागा, निरीक्षण, निष्कर्ष, शिफारस असे चार रकाने केले की आधाराविना असलेली शिफारस किंवा शिफारशीविना राहिलेले निरीक्षण रिकाम्या रकान्यामुळे चटकन दिसते. याबाबतीत तिची बरोबरी दुसरी कोणतीही पद्धत करत नाही. पण रकाना लहान असतो आणि सर्वांत आधी मर्यादा गळतात. ‘तपासलेल्या १० पैकी ४’ चे ‘४ कॉलम’ होते आणि ‘गंज सक्रिय असण्याची शक्यता’ चे नुसते ‘गंज’ होते. लिहिणाऱ्याने स्वतःच्या तपासणीसाठी तक्ता अवश्य करावा. सभेला वाटावा असे मला वाटत नाही.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट कुठे बसवावी हे ठरवावे लागते, ती म्हणजे इमारतीची श्रेणी. मुंबईत आणि राज्यातील इतर शहरांत वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची, सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता अशी दुरुस्ती करावयाची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची इमारत. श्रेणी मोजमापासारखी दिसते, म्हणून ती निरीक्षणांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापण्याचा मोह होतो. परंतु तिच्या व्याख्येतच सल्ला भरलेला आहे: घर रिकामे करावे की नाही हे ती सांगते. आमच्या अहवालात सी-२बी होती आणि मी ती पहिल्या ओळीत लिहिली होती. त्यानंतरची सर्व निरीक्षणे वाचक त्या श्रेणीचा पुरावा म्हणूनच वाचत गेला. तिची जागा निष्कर्षाच्या परिच्छेदात, सल्लागाराच्या नावाने आहे.

निवड करताना सभेपुढे कोणता ठराव आहे ते पाहावे. दुरुस्ती करायची की पुनर्विकासाकडे जायचे, हा सल्लागार मान्य करायचा की दुसरा आणायचा, असा वाद शिल्लक असेल तर क्रमांक जोडलेली दोन भागांची मांडणीच घ्यावी, पानांची संख्या वाढली तरी चालेल. जॅकेटिंगने कॉलम चहूबाजूंनी जाड होतो आणि पार्किंगची जागा कमी होते. ज्यांची गाडी तिथे उभी असते ते शिफारशीला विरोध करतील, आणि त्यांनी तड्यालाही विरोध करू नये यासाठी तडा वेगळ्या पानावर असणे बरे. कामाचा ठराव आधीच मंजूर झाला असून फक्त टेंडर काढायचे बाकी असेल, तर जागेनुसार मांडणी पुरेशी आहे. दोन्ही वेळा प्रत्येक निरीक्षणापुढे मूळ अहवालाचा पान क्रमांक लिहावा. दुसऱ्या सभेत त्याच ज्येष्ठ सभासदांनी नि-३ वर बोट ठेवून अहवालाचे पान १७ उघडले, फोटो पाहिला आणि पुढचा प्रश्न थेट जॅकेटिंगच्या खर्चाविषयी विचारला.