‘नक्कीच, आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद!’ की थेट उत्तर?

मालवणातल्या काही होमस्टेंचा चॅटबॉट मी सांभाळतो. पाहुणा विचारतो, “शनिवारी खोली आहे काय?” पहिल्या प्रकारचा बॉट आधी आभार मानतो, प्रश्न पुन्हा वाचून दाखवतो, मग उत्तर देतो. दुसरा म्हणतो, “आहे, एक रिकामी.”

बॉटमागचं भाषा मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यांत वाचतं-लिहितं; ते टोकन, आणि पैसे त्यांच्या संख्येवर लागतात. आभार आणि प्रश्नाची उजळणी, ही पावती 25 टोकनांची धरा. देवनागरीत तेवढी सहज होते. एका संवादात चार उत्तरं, म्हणजे मॉडेलने लिहिलेले 100 आउटपुट टोकन. पण मॉडेलला दर वेळी मागचा सगळा संवाद पुन्हा पाठवावा लागतो, त्यामुळे जुन्या पावत्या 3+2+1, म्हणजे सहा वेळा वाचल्या जातात: वाचायचे आणखी 150 इनपुट टोकन. 10,000 संवादांत 10 लाख आउटपुट, 15 लाख इनपुट. आउटपुट इनपुटच्या पाचपट महाग धरलं तर हा भार 13 लाख आउटपुट टोकनांएवढा.

थेट उत्तरही फुकट नाही. ‘प्रस्तावना नको’ ही 15 टोकनांची सूचना 40,000 वेळा वाचली जाते: 6 लाख इनपुट, म्हणजे 1.2 लाख आउटपुटएवढी. तरी माझं मत थेट उत्तरालाच. फक्त बुकिंग रद्द झालं किंवा तक्रार आली, की आधी दोन शब्द बोलू द्यावेत. रात्री दहाला एसटीतून उतरलेल्या माणसाला नुसतं “खोली नाही” कसं सांगणार?