बॉण्ड लॅडरचं एक वर्ष: पाच पायऱ्या, दहा लाख आणि चवथीआधीचा कोरडा महिना

फोंड्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. हाती आलेल्या रकमेतले दहा लाख जानेवारी २०२५ मध्ये मी सरकारी रोख्यांच्या शिडीत टाकले. ज्याला बॉण्ड लॅडर म्हणतात ते. आता पहिली पायरी मुदत संपून परत आली आणि तिचे पैसे पुन्हा गुंतवूनही झाले, म्हणून अनुभव लिहितो आहे. त्याआधी लिहिलं असतं तर ते अर्धवटच झालं असतं, कारण या शिडीची खरी परीक्षा पहिली पायरी संपते तेव्हाच होते.

कल्पना सोपी आहे. सगळे पैसे एकाच मुदतीला न बांधता पाच वेगवेगळ्या वर्षांत संपणाऱ्या रोख्यांत दोन-दोन लाख घालायचे. जवळची पायरी संपली की ती रक्कम सर्वांत लांबच्या टोकाला नेऊन लावायची. रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट खातं उघडायला पैसे पडत नाहीत आणि दहा हजारांपासून रोखे घेता येतात. खातं उघडायला अडचण आली नाही. अडचण पुढे आली.

कागदावर मी एक, दोन, तीन, चार, पाच वर्षं अशी टापटीप शिडी आखली होती. प्रत्यक्षात लिलावात दर आठवड्याला हव्या त्या वर्षाचा रोखा येत नाही. ट्रेझरी बिल म्हणजे सरकारचा कमी मुदतीचा, मधे व्याज न देणारा रोखा; ३६४ दिवसांचं ते बुधवारच्या लिलावात सहज मिळालं. दोन आणि चार वर्षांसाठी मात्र बाजारात आधीपासून फिरणारे जुने रोखे शोधावे लागले. शेवटी जमलं ते असं: जानेवारी २०२६ ला संपणारं बिल, ७.३८ टक्क्यांचा जून २०२७ चा, ७.०६ चा एप्रिल २०२८ चा, ७.१० चा एप्रिल २०२९ चा आणि ६.७५ चा डिसेंबर २०२९ चा. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांत सतरा महिन्यांचं अंतर आणि शेवटच्या दोघींत फक्त आठ. ही शिडी भिंतीला लावली तर माणूस पडेल. पण पैशाच्या कामाला एवढी वाकडी चालते.

जुना रोखा घेताना माझा एक गैरसमज झाला होता, तो सांगतो. ७.३८ हा आकडा बघून मी खूश झालो. दोन लाख दर्शनी किमतीचा रोखा, पण खात्यातून गेले २,०४,२२५ रुपये. सौ. म्हणाल्या, "अहो, चार हजार जास्त कशाचे?" मला लगेच सांगता येईना. मग कागद घेऊन बसलो. भाव शंभराला १०१.६० होता, म्हणून ३,२०० रुपये वरचे. उरलेले १,०२५ रुपये मागच्या डिसेंबरच्या व्याज-तारखेपासून झालेल्या २५ दिवसांच्या व्याजाचे, ते आधीच्या मालकाला द्यायचे असतात. ते १,०२५ जूनच्या व्याजात आपल्याला परत मिळतात. ३,२०० मात्र मिळत नाहीत. मुदतीला हातात दोन लाखच येतात. म्हणून व्याज ७.३८ ने मिळत असलं तरी खरा परतावा ६.६५ च्या आसपासच पडतो. नव्याने घेणाऱ्याने रोख्याच्या नावातला टक्का बघू नये, मुदतीपर्यंतचा परतावा बघावा.

आता मूळ मुद्दा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा कमी केला आणि तो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. माझे मेहुणे सगळी रक्कम एका वर्षाच्या ठेवीत ठेवून निर्धास्त होते. पहिल्या वर्षी ज्येष्ठ नागरिकांच्या दराने त्यांना माझ्यापेक्षा जास्त व्याज मिळालं, हे मान्य करायलाच हवं. पण या जानेवारीत ठेव नव्याने ठेवताना दर साधारण अर्ध्या टक्क्याने उतरला होता, आणि तो पूर्ण दहा लाखांवर. वर्षाला पाच हजार कमी. "भाऊजी, तुमचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

माझे आठ लाख जुन्याच दरावर बसलेले होते. नव्या दराला सामोरे गेले फक्त दोन लाख. ते बिल मी ६.५५ च्या आसपासच्या परताव्याने घेतलं होतं. पुन्हा एका वर्षाचंच बिल घेतलं असतं तर साडेपाचाच्या जवळपास मिळालं असतं, म्हणजे दोन लाखांवर वर्षाला दोन हजारांचा फटका. पण शिडीच्या रीतीप्रमाणे पैसे लांबच्या टोकाला गेले आणि तिथे ६.३५ च्या आसपास जमलं. फटका चारशे रुपयांचा. दर वेळी असंच होईल असं मात्र नाही. लांबच्या मुदतीला जास्त दर असेल तरच ही युक्ती चालते. जानेवारी २०२५ मध्ये एक वर्ष आणि पाच वर्षं यांत फारसा फरकच नव्हता.

दर वाढले असते तर? माझ्या शिडीची सरासरी मुदत तीन वर्षांच्या आसपास. दर एका टक्क्याने चढले तर सगळ्या रोख्यांची बाजारातली किंमत अंदाजे अडीच टक्क्यांनी उतरेल. तीस वर्षांचा एकच रोखा घेतला असता तर तीच घसरण बारा टक्क्यांच्या घरात गेली असती. आणि मुदतीपर्यंत थांबलो तर माझी घसरण कागदावरच राहते, उलट संपणारी पायरी चढ्या दराला लागते.

थांबता आलं नाही तर मात्र त्रास आहे. मे महिन्यात पावसाआधी कौलं शाकारायला साठ हजार हवे होते. दर उतरल्यामुळे २०२९ च्या एका रोख्याचा भाव चढला होता, म्हटलं थोडा विकू. पडद्यावर मोठ्या व्यवहारांचा भाव १०४ च्या जवळ दिसत होता. माझ्यासारख्या किरकोळ रकमेला जो गिऱ्हाईक दिसला तो दीड रुपया कमी देत होता. मी माझा भाव लावून दोन दिवस वाट पाहिली, कुणी घेतला नाही. ऑर्डर काढून टाकली आणि कौलं सौ.च्या भिशीतून बसली. अचानक लागणारा पैसा या शिडीत ठेवू नये. तो वेगळा, बचत खात्यात किंवा छोट्या ठेवीत हवा.

दुसरी गैरसोय मला आखताना सुचलीच नव्हती. व्याज सहामाही येतं, आणि माझ्या चारही रोख्यांच्या तारखा दोन जोड्यांत अडकल्या: एप्रिल-ऑक्टोबर आणि जून-डिसेंबर. एप्रिलला १४,१६०, जूनला १४,१३०, आणि मग थेट ऑक्टोबर. म्हणजे चवथीला, जेव्हा गणपतीवर टांगायच्या माटोळीपासून पाहुण्यांपर्यंत सगळा खर्च एकदम येतो, तेव्हा खात्यात काहीच नाही. गेल्या ऑगस्टमध्ये जूनचे पैसे जपून ठेवावे लागले.

म्हणून या जानेवारीत परत आलेल्या दोन लाखांचा रोखा निवडताना आधी व्याजाचे महिने बघितले. ६.०१ टक्क्यांचा जुलै २०३० चा घेतला. भाव शंभराच्या खाली होता, म्हणजे ७.३८ च्या नेमकं उलट: व्याज कमी, पण मुदतीला वरचा सव्वा-दीड रुपया मिळणार. त्याचं व्याज जानेवारी आणि जुलैत येतं. यंदा २१ जुलैला ६,०१० रुपये जमा व्हायचे आहेत. सौ.नी त्यातून माटोळीचं सामान आत्ताच ठरवून ठेवलं आहे.