पीडीएफमधली पानं छापील क्रमांकांशी जुळवायची: अ‍ॅक्रोबॅटने की qpdf ने?

सूची सांगते ‘पृष्ठ ९७’, चौकटीत 97 टाकलं की उघडतं छापील ८३. स्कॅन केलेल्या पुस्तकांत हे नेहमीचंच, कारण व्ह्यूअर मुखपृष्ठापासून मोजायला लागतो. उपाय म्हणजे फाइलमधली पेज लेबलं बदलणं. त्यात पानावर छापलेलं काहीच बदलत नाही. अमुक पानापासून अमुक पद्धतीने मोज, एवढी सूचना फाइलमध्ये जाते. ही सूचना दोन रस्त्यांनी लिहिता येते, आणि कोणता घ्यायचा हे पुस्तकाच्या रचनेवरून ठरतं.

एक पुस्तक डोळ्यांसमोर ठेवू. फाइलमध्ये २६३ पानं आहेत. पहिली दोन वेष्टनाची, ३ ते १४ प्रस्तावनेची (छापील i ते xii), आणि १५व्या पानावर छापील १ येतो. छापील ९६ हे फाइलचं ११०वं पान. त्यानंतर क्रमांक नसलेली आठ चित्रपानं, मग ११९व्या पानावर छापील ९७ आणि २६२व्यावर २४०. शेवटचं पान मागचं वेष्टन.

अ‍ॅक्रोबॅटमध्ये (पैसे भरून घेतलेल्या, मोफत रीडरमध्ये ही सोय नाही) लघुचित्रांच्या पट्टीत ३ ते १४ ही पानं निवडायची, उजवं बटण दाबून Page Labels उघडायचं, आणि निवडलेल्या पानांसाठी नवा विभाग, शैली i, ii, iii आणि सुरुवात 1 असं सांगायचं. असं प्रत्येक तुकड्यासाठी. मोठा फायदा हा की पान डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे सीमा चुकत नाही. मात्र इथे सहा तुकडे आहेत, म्हणजे हा संवाद सहा वेळा. मधलं एक पान नंतर सापडलं आणि घातलं, तर पुढचं सगळं पुन्हा तपासावं लागतं. अशी वीस पुस्तकं असतील तर या रस्त्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

qpdf मोफत आहे, पण काळ्या खिडकीत टाइप करायची तयारी हवी. हेच पुस्तक तिथे एका ओळीत होतं:

```
qpdf book.pdf --set-page-labels 1:D/1/C- 3:r 15:D 111:D/1/P- 119:D/97 263:D/3/C- -- new.pdf
```

कोलनआधीचा आकडा फाइलमधलं पान, नंतरचं अक्षर शैली (D साधे आकडे, r लहान रोमन), मग सुरुवातीचा क्रमांक आणि शेवटी उपसर्ग. 119:D/97 म्हणजे ११९व्या पानापासून 97. चित्रपानांना P-1 ते P-8 अशी लेबलं मिळतात. मला ती रिकामी ठेवण्यापेक्षा बरी वाटतात, कारण मग त्या पानांचाही निर्देश करता येतो. ओळ जपून ठेवली की दुरुस्ती म्हणजे एक-दोन आकडे बदलणं. जुन्या आवृत्तीत हा पर्याय नसतो, तेव्हा ‘unrecognized’ असा निरोप आला तर आधी आवृत्ती पाहा.

एक मर्यादा दोन्हीकडे सारखी आहे. पीडीएफला साधे आकडे, लहान-मोठे रोमन आणि लहान-मोठी रोमन लिपीतली अक्षरं एवढ्याच शैली ठाऊक आहेत. प्रस्तावनेला ‘एक, दोन, तीन’ असे क्रमांक असतील, तर प्रत्येक पानाचा स्वतंत्र तुकडा करून तो शब्द उपसर्ग म्हणून द्यावा लागतो. बारा पानांसाठी हे जमतं, पण शोधणाऱ्याला चौकटीत ‘सात’ टाइप करावं लागेल, याचा विचार आधी करा.

फसगत बहुतेकदा साधनामुळे होत नाही, स्कॅनमुळे होते. दोन पानं एकत्र उलटली गेली असतील तर तिथून पुढची सगळी लेबलं छापील क्रमांकापेक्षा दोनने मागे पडतात. म्हणून शेवटचं छापील पान आधी बघा: २४० लेबलाच्या पानावर छापील २४२ दिसलं तर मधली दोन पानं सुटलीत. मग निम्म्यावर, मग त्या निम्म्याच्या निम्म्यावर बघत गेलं की आठ-नऊ पाहण्यांत जागा सापडते. तिथे पान मिळेपर्यंत नवा तुकडा सुरू करून पुढचे क्रमांक जुळवता येतात.

फाइल लहान करणं, पानं कापणं, जोडणं हे सगळं आधी उरका आणि लेबलं शेवटी लावा. ‘पीडीएफ म्हणून छापा’ केलं की ती उडतात. फाइलवर डिजिटल सही असेल तर qpdf ने नव्याने लिहिल्यावर ती वैध राहत नाही, तेव्हा सहीच्या आधीच हे काम करा.

लेबलं लागूनही जुनेच आकडे दिसत असतील तर अ‍ॅक्रोबॅटच्या Preferences मध्ये Page Display खाली Use Logical Page Numbers चालू आहे का पाहा. तो चालू असताना छपाईच्या चौकटीत फाइलमधला क्रमांक द्यायचा असेल तर तो कंसात लिहायचा, जसं (15). आणि पत्त्याच्या शेवटी #page=15 लावून दिलेली लिंक लेबल पाहत नाही, ती फाइलमधलं १५वं पानच उघडते; अशा लिंका आधीच वाटल्या असतील तर त्या बदलायची गरज नाही.