प्रकाश सापळा की जमिनीत पुरलेले ग्लास?

देवराई आणि तिला लागूनचं भातखाचर यांची कीटक-विविधता ताडून पाहायची असेल, तर दिव्याचा प्रकाश सापळा आणि चालणारे कीटक आत पडावेत म्हणून जमिनीत ग्लास पुरून केलेला पिटफॉल, हे दोन्ही सापळे पुस्तकात शेजारीशेजारी दिसतात. मी दोन्ही वापरले आहेत. प्रकाश सापळ्याचं आकर्षण समजू शकतो: एका रात्रीत पतंग, भुंगेरे, तुडतुडे असं भरघोस येतं. पण ते देवराईतून आलं की खाचरातून, हे सांगता येत नाही. दिवा दोन्हीकडून दिसतो.

तरी मला खरा त्रास दिला तो वाळवीने. वळवाचा पाऊस झाला की पंखवाली वाळवी संध्याकाळी बाहेर पडते आणि सापळा तिनेच भरतो. मोजायचा कंटाळा हा भाग वेगळा, विविधतेचा निर्देशांकच कोसळतो. समजा, चार जातींचे २०, १५, १० आणि ५ असे ५० कीटक आहेत. शॅननच्या सूत्राने (H' = −Σ pᵢ ln pᵢ) उत्तर येतं सुमारे १.२८; इथे pᵢ म्हणजे एकूण नगांत त्या जातीचा वाटा. त्यात वाळवीचे ४५० नग घाला. जाती चारच्या पाच झाल्या, पण निर्देशांक ०.४५ वर आला! आकडा विविधतेबद्दल नाही, त्या संध्याकाळच्या पावसाबद्दल बोलतो.

पिटफॉलमध्ये हे होत नाही असं नाही. ग्लास मुंग्यांच्या वारुळाजवळ पुरला गेला तर तोही एकाच जातीने भरतो. फरक असा की इथे उपाय हाताशी असतो. दहा-दहा मीटरवर दहा ग्लास लावले की नग न मोजता ‘ही जात दहापैकी किती ग्लासांत सापडली’ एवढंच मोजायचं. एका ग्लासातल्या तीनशे मुंग्यांना १, आणि सहा ग्लासांत एकेक सापडलेल्या भुंगेऱ्याला ६. हेच आकडे सूत्रात घालायचे. प्रकाश सापळ्यात ग्लासांच्या जागी ‘ही जात किती रात्रींत सापडली’ हे मोजता येईल, पण चांदण्यात दिवा फिका पडतो, म्हणून पौर्णिमेची रात्र आणि अमावास्येची रात्र सारखी धरणं मला तरी पटत नाही.

पिटफॉलचे हट्ट थोडे आहेत. काठ जमिनीपेक्षा जराही वर राहिला तर कीटक वळसा घालून जातात. खोदलेल्या ताज्या मातीकडे मुंग्या जास्त येतात, म्हणून ग्लास पुरून काही दिवस झाकून ठेवावेत, मग उघडावेत. मिठाच्या पाण्यात साबणाचा थेंब हवा, नाहीतर हलके कीटक तरंगून निसटतात. वर खिळ्यांवर टेकवलेलं छप्पर नसेल तर मुळशीकडच्या पावसात ग्लास भरून वाहतो.

आणि हा आकडा जमिनीवर चालणाऱ्यांचाच असतो. जो जास्त फिरतो तो जास्त पडतो. पतंग हवे असतील तर दिव्याला पर्याय नाही. मग अमावास्येच्या आसपासच्या रात्री धराव्यात आणि सूत्रात फक्त पतंगच घ्यावेत.