टायर्ड की इम्पॉसिबल: व्हेरी कुणाला चालतं?

'व्हेरी टायर्ड' बिनधास्त म्हणा, कारण टायर्डला पायऱ्या आहेत, माणूस थोडा दमतो, बराच दमतो, आणि व्हेरी त्याला अजून वर ढकलतं. इम्पॉसिबलला पायऱ्याच नाहीत, एकतर शक्य आहे नाहीतर नाही, मग व्हेरी ढकलणार कुठे? तिथे ॲब्सोल्यूटली लावा, ते काही वाढवत नाही, टोक गाठलंय एवढंच ठासून सांगतं.

खरी गंमत एग्झॉस्टेडची, अर्थ दमण्याचाच पण 'खूप' आधीच पोटात, त्यामुळे व्हेरी एग्झॉस्टेड कानाला खटकतं, ॲब्सोल्यूटली एग्झॉस्टेड बरोबर. शंका आली तर ऑलमोस्ट लावून बघा. ऑलमोस्ट इम्पॉसिबल मस्त बसतं, ऑलमोस्ट टायर्ड विचित्र वाटतं, कारण 'जवळपास' म्हणायला आधी टोक तर हवं ना!